‘करंट सीटीसी किती?’ : नागपूरच्या एका टेस्टरचं प्रकरण

सकाळचे साडेअकरा. परसोडीच्या आयटी पार्क परिसरातली चाळीसेक माणसांची एक कंपनी. चार वर्षांचा अनुभव असलेल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरला पुण्याच्या प्लेसमेंट कन्सल्टन्सीतून फोन येतो. काम मिहानमधल्या एका मोठ्या कंपनीसाठी, ऑटोमेशन टेस्टिंगचं. ऑफिसात सगळे शेजारी-शेजारी बसलेले, म्हणून ती फोन घेऊन जिन्यात जाते. रिक्रूटर नाव, अनुभव, नोटीस पिरियड विचारतो आणि त्याच दमात, “मॅडम, करंट सीटीसी?”

वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत असतं. ती घाईत म्हणते, “बत्तीस हजार.”

“म्हणजे 3.8, बरोबर?”

“हो.”

सात-आठ सेकंदांत झालेल्या या संवादाचं हे प्रकरण. उमेदवार आणि तिचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. पगाराची मोडणी, कपाती, कागदपत्रं आणि रिक्रूटरची कामाची रीत मात्र प्रत्यक्षात असते तशीच घेतली आहे. पगाराच्या प्रश्नावर बहुतेक उमेदवार ‘सांगू की नको’ यातच अडकतात. आमच्या मते तो नंतरचा मुद्दा. आपला आकडा नक्की कोणता, हेच ठाऊक नसणं ही खरी अडचण असते, आणि ते ठाऊक नसताना कितीही नम्रपणे उत्तर दिलं तरी नुकसान व्हायचं ते होतंच.

हातातला पगार आणि सीटीसी

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दर महिन्याला तिच्या खात्यात 31,738 रुपये जमा होतात. बोलताना त्याचे बत्तीस हजार झाले. पण रिक्रूटरने विचारला होता सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यावर वर्षभरात करत असलेला एकूण खर्च. नियुक्तिपत्राला जोडलेल्या तक्त्यात तो असा होता:

| भाग | वर्षाला रुपये |
|---|---|
| बेसिक (महिना 20,000) | 2,40,000 |
| घरभाडे भत्ता (महिना 8,000) | 96,000 |
| स्पेशल अलाउन्स (महिना 5,738) | 68,856 |
| वार्षिक बोनस | 36,000 |
| पीएफमध्ये कंपनीचा वाटा (महिना 1,800) | 21,600 |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | 11,544 |
| आरोग्य विम्याचा हप्ता | 6,000 |
| एकूण | 4,80,000 |

पहिल्या तीन ओळींची महिन्याची बेरीज 33,738. हा तिचा ग्रॉस पगार. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 वजा झाले की 31,738 उरतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स 300 कापला जातो, म्हणून त्या महिन्यात शंभर रुपये कमी. खालच्या चार ओळी तिला दरमहा दिसत नाहीत, त्यामुळे त्या तिच्या बोलण्यातही येत नाहीत. बोनस वर्षातून एकदा मिळतो. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिकच्या 4.81 टक्के इतकी कागदावरची तरतूद. विम्याचा हप्ता परस्पर भरला जातो.

आता या तफावतीची किंमत पाहा. कन्सल्टन्सीत सहसा जुन्या सीटीसीवर टक्के चढवून हिशोब मांडला जातो. 3.84 लाखांवर 30 टक्के चढवले तर 4.99 लाख होतात आणि 4.80 लाखांवर तेवढेच चढवले तर 6.24 लाख. जिन्यातल्या त्या एका वाक्याने वर्षाचे सव्वा लाख रुपये बोलणी सुरू होण्याआधीच गेले असते.

म्हणून नोकरी शोधायला लागलात की पहिल्याच दिवशी तीन आकडे फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा: वार्षिक सीटीसी, त्यातला निश्चित भाग आणि बोनस किंवा व्हेरिएबल. तिच्या बाबतीत 4.80, 4.44 आणि 0.36. निश्चित भागात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा धरले आहेत की नाही, हेही शेजारी लिहावं. काही रिक्रूटर ते धरून ‘फिक्स्ड’ म्हणतात, तर काही सोडून, आणि पुढचे बरेच घोळ इथूनच निघतात.

चुकलेला आकडा दुरुस्त करणं

संध्याकाळी घरी विषय निघाला. बाबा म्हणाले, “बेटा, जे आहे ते सांगून टाक ना, लपवायचं काय त्यात?” पुण्यात नोकरी करणाऱ्या मैत्रिणीने उलट सांगितलं, “सहा सांग, कोण पाहून राहिलं!” बाबांचं अर्धं बरोबर होतं. मैत्रिणीचं पूर्ण चूक होतं, आणि ते का, हे कागदपत्रांच्या भागात येईल.

दुरुस्ती त्याच दिवशी आणि लेखी होणं महत्त्वाचं. कारण कन्सल्टन्सीचा रिक्रूटर माहिती लगेच एका तक्त्यात भरतो, ज्याला सगळे ट्रॅकर म्हणतात. एकूण अनुभव, संबंधित अनुभव, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड, ठिकाण असे त्यात रकाने असतात. दिवसाअखेर तो तक्ता कंपनीच्या एचआरकडे जातो. तिकडे 3.8 पोचल्यावर आठवड्याने 4.8 सांगितलं, तर ती दुरुस्ती वाटत नाही. बाईंनी भाव वाढवला असंच वाटतं.

तिने सातच्या सुमारास मेल पाठवला. असे मेल बहुधा इंग्रजीत जातात, आशय असा:

> नमस्कार सर,
> सकाळी फोनवर मी दरमहा हातात येणारी रक्कम सांगितली होती. माझा वार्षिक सीटीसी 4.80 लाख आहे: निश्चित 4.44 लाख (कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा धरून) आणि वार्षिक बोनस 36 हजार. ट्रॅकरमध्ये कृपया हा आकडा घ्यावा.
> या पदावरचं काम माझ्या आत्ताच्या कामापेक्षा वेगळं आहे, म्हणून अपेक्षित पगाराबद्दल बोलण्याआधी या पदासाठी ठरलेली पगाराची रेंज कळली तर बरं होईल. नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे.
> उद्या संध्याकाळी साडेसहानंतर मी निवांत बोलू शकेन.

यात माफीची लांबण नाही. चूक कशाने झाली ते एका वाक्यात आलं, लगेच बरोबर आकडा आला, आणि त्याच मेलमध्ये रेंज विचारून झाली. शेवटच्या ओळीने पुढचा फोन जिन्यातून घ्यायची वेळ टळली. शेवटची ओळ किरकोळ समजू नये. सहकाऱ्यांच्या कानावर जाईल या धास्तीत माणूस पगाराबद्दल नीट बोलूच शकत नाही.

आकडा न सांगता भागलं असतं का?

आधीच ‘बत्तीस हजार’ बोलून झाल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. पण तो फोन पुन्हा आला असता तर?

इंटरनेटवर या प्रश्नाची तयार उत्तरं भरपूर सापडतात: “मी माझा जुना पगार सांगत नाही, पदाच्या मूल्यावर बोलू या.” यातली बरीचशी अमेरिकेतली आहेत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2018 पासून अर्जदाराला जुना पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे आणि तिथल्या इतर काही राज्यांतही तसे कायदे आहेत. त्या उत्तरामागे कायदा उभा असतो. आपल्याकडे खासगी नोकरीत असा प्रश्न विचारायला मनाई नाही, आणि हेच वाक्य नागपुरातून पुण्याच्या रिक्रूटरला ऐकवलं तर समोरच्याला फक्त ताठा जाणवतो.

शिवाय समोर कोण आहे हेही पाहावं लागतं. कन्सल्टन्सीच्या माणसाच्या ट्रॅकरमध्ये रिकामा रकाना चालत नाही. एचआर तो तक्ता परत पाठवतं, किंवा त्याच्या यादीतला आकडे असलेला दुसरा उमेदवार पुढे जातो. त्याला फी मिळते ती बहुतेक वेळा नव्या पगाराच्या प्रमाणात. वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा रुळलेला दर आहे. त्यामुळे तुमचा पगार पाडण्यात त्याचा काही लाभ नसतो. जागा लवकर भरली जावी एवढंच त्याला हवं असतं. अशा माणसाला आकडा द्यावा, मोडणीसकट द्यावा, आणि त्याच्यामार्फत रेंज काढून घ्यावी.

कंपनीच्याच एचआरमधून थेट फोन आला तर गोष्ट वेगळी. त्यांच्यासमोर मंजूर बजेट असतं आणि तुमचा जुना आकडा हाती आला की त्या बजेटच्या खालच्या टोकाकडे सरकता येतं. इथे एकदा, फक्त एकदाच, विषय पुढे ढकलणं चालतं:

“मॅडम, आकडा सांगायला माझी हरकत नाही. आधी काम नक्की काय आहे ते समजून घेते. या पदासाठी साधारण किती रेंज ठेवली आहे, ते सांगाल का? माझी अपेक्षा त्यात बसत नसेल तर तुमचा वेळ जायला नको.”

‘हरकत नाही’ या दोन शब्दांवर या उत्तराचा सगळा भार आहे. त्यामुळे हा नकार वाटत नाही. बऱ्याचदा रेंज मिळते, निदान “साताच्या आसपास आहे” एवढं तरी कळतं. पण एचआरने दुसऱ्यांदा स्पष्ट विचारलं की आकडा सांगून टाकावा. तेव्हाही टोलवलं तर ‘ही काहीतरी लपवते आहे’ एवढंच मनात राहतं, आणि मुलाखतीत तुम्ही काय चांगलं केलं ते मागे पडतं.

ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘Current CTC’ हा रकाना बहुधा सक्तीचा असतो. काही जण तिथे 0 किंवा 1 टाकतात. चाळणी लावताना असे अर्ज बाजूला पडू शकतात. काही जण अपेक्षित आकडाच तिथे भरतात. ते त्याहून वाईट, कारण फॉर्मच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ यावर तुम्ही टिचकी मारलेली असते. रकाना सक्तीचा असेल तर खरा सीटीसी भरावा. शेरा लिहायला जागा असेल तर ‘निश्चित 4.44, बोनस 0.36, पदाचं स्वरूप वेगळं’ एवढं लिहावं.

“पॉलिसी 30 टक्क्यांची आहे”

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन आला. रेंज कळली: सहा ते साडेसात लाख. मग रिक्रूटर म्हणाला, “पण मॅडम, 4.8 वर जास्तीत जास्त 30 टक्के हाइक होईल. 6.24. आणि नागपूर लोकेशन आहे, तिथे खर्चही कमीच असतो.”

बहुतेक जण इथे टक्क्यांवर टक्के मागायला लागतात: तीसचे चाळीस करा, निदान पस्तीस तरी. ती वाट धरली की जुना पगार पाया म्हणून मान्य केल्यासारखं होतं. तिची अपेक्षा सात लाखांची होती. 4.80 वरून ती सुमारे 46 टक्के वाढ होते, आणि कुठल्याही एचआरला 46 हा आकडा नुसता ऐकून भरमसाट वाटणार. तेच सात लाख सहा ते साडेसातच्या रेंजमध्ये ठेवून पाहिले तर मधलेच आहेत. रक्कम तीच, कशाच्या शेजारी ठेवली यावर ती जास्त की रास्त ते ठरतं.

तिचं उत्तर असं होतं:

“सर, टक्क्यांत ते मोठं दिसतं हे मला कळतं. माझा आत्ताचा पगार मॅन्युअल टेस्टिंगसाठी आलेल्या फ्रेशरचा आहे आणि त्यावरच दरवर्षी थोडी-थोडी वाढ झाली. गेलं दीड वर्ष मी ऑटोमेशन करते आहे. आमच्या रिग्रेशनच्या 420 केसेसपैकी 310 मी सेलेनियमवर नेल्या. दोन दिवसांचं काम आता रात्रीत होतं. हे पद त्याच कामाचं आहे, म्हणून मी रेंजमधले सात सांगते आहे. नागपूरचं म्हणाल तर, पुण्याच्या टीमसोबत तेच काम, त्याच वेळेत करायचं आहे ना?”

इथे काम झालं ते 420 आणि 310 या आकड्यांनी. ‘मी खूप मेहनती आहे’ किंवा ‘मार्केटमध्ये एवढं मिळतं’ असं काही रिक्रूटर पुढे लिहून पाठवू शकत नाही. मोजता येणारं काम तो आपल्या मेलमध्ये जसंच्या तसं उतरवू शकतो. घरचा हप्ता, लग्न, वडिलांचं आजारपण ही कारणं इथे काढू नयेत. ती खरी असतात, पण पगार वाढवून घ्यायला एचआरच्या हातात त्यांनी काही येत नाही. हातात दुसरी ऑफर असेल तर जरूर सांगावी, मात्र लेखी आलेली असेल तरच. “दाखवा बरं” असं कुणीही म्हणू शकतं.

30 टक्क्यांची पॉलिसी बहाणा असते की खरी? बऱ्याचदा खरी असते, आणि ती ओलांडायला वरची मंजुरी लागते. तिने पुढे विचारलेला प्रश्न आम्हाला या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगाचा वाटतो: “अपवाद म्हणून मंजुरी घ्यायची असेल तर एचआरला माझ्याकडून काय दिलं म्हणजे तुम्हाला सोपं जाईल?” रिक्रूटरने सांगितलं की केलेल्या कामाचा एक परिच्छेद आणि मुलाखतीनंतर टेक्निकल पॅनेलचा चांगला शेरा, एवढं असलं तर तो मागून पाहील. तिने त्याच रात्री सहा ओळींचा परिच्छेद पाठवला. पगाराची ओढाताण सुटली आणि दोघं मिळून एक अर्ज तयार करू लागले.

एप्रिलमध्ये आठ-दहा टक्के वाढ होईल असं तिच्या मॅनेजरने तोंडी सांगितलं होतं. ती तिने 4.80 मध्ये मिळवली नाही, ते बरं केलं. वाढीचं पत्र हातात येईपर्यंत तो पगार नसतो. ‘एप्रिलमध्ये वार्षिक आढावा आहे’ एवढं वेगळ्या वाक्यात सांगता येतं.

स्लिपा केव्हा द्यायच्या

मुलाखतीची वेळ ठरायच्या आधीच रिक्रूटरचा व्हॉट्सॲप आला: ‘लास्ट थ्री मंथ्स सॅलरी स्लिप्स अँड फॉर्म 16 शेअर करा.’ आकडा सांगणं वेगळं आणि कागद देणं वेगळं. स्लिपेवर पॅन, यूएएन, बँक खात्याचा क्रमांक असतो. कन्सल्टन्सीच्या एखाद्याच्या फोनमधून ती पुढे कुठे जाईल, सांगता येत नाही. शिवाय काही नियुक्तिपत्रांत पगार गोपनीय ठेवण्याची अट असते. तिच्या पत्रात ती होती, आणि तो तिला सरळ, खरा आधार मिळाला:

> सर, पगाराचा आकडा आणि मोडणी मी मेलवर कळवली आहे, आणि कागदपत्रं त्याच्याशी जुळतील. सध्याच्या कंपनीच्या नियुक्तिपत्रात पगाराबाबत गोपनीयतेची अट आहे, म्हणून स्लिपा निवड झाल्यावर थेट कंपनीच्या एचआरकडे देईन. तोवर दुसरी काही माहिती लागली तर नक्की सांगा.

पत्रात अशी अट नसेल तर तिचा खोटा दाखला देऊ नये. ‘निवड झाल्यावर देईन’ एवढंही पुरतं. इथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. ऑफर लेटर हातात पडल्यावरच कागद देईन, असं अडून बसणं मोठ्या कंपन्यांत चालत नाही. तिथे शेवटची फेरी झाल्यावर एचआर स्लिपा मागवतं, त्यावरून नव्या पगाराची मोडणी ठरवतं, आणि मगच ऑफर निघते. म्हणून अट धरायची ती ‘निवड झाल्याचा मेल’ एवढीच. तिला तो मेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आला आणि तिने कागद कंपनीच्या पोर्टलवर चढवले.

कुठे आधीच द्यावे लागले तर खाते क्रमांक, पॅन आणि यूएएन झाकावेत, मात्र रकमेला हात लावू नये. पानावर आडवं ‘फक्त अमुक पदाच्या अर्जासाठी’ आणि तारीख टाकावी. बँक स्टेटमेंट मागितलं तर पगार जमा झालेल्या ओळी दिसतील एवढं पुरे. किराणा आणि औषधांचा खर्च कुणी पाहायची गरज नाही. पीएफ खात्याचा पासवर्ड किंवा फोनवर आलेला ओटीपी मागणारा माणूस मात्र रिक्रूटर असूच शकत नाही. तिथे बोलणं थांबवावं.

कागद जुळत नाहीत तेव्हा

मैत्रिणीचं ‘सहा सांग’ इथे कोसळलं असतं. एचआर स्लिपेवरचा ग्रॉस पाहतं, बाराने गुणतं, त्यात बोनस आणि कंपनीचा पीएफ मिळवतं. 33,738 वरून सहा लाखांपर्यंत कुठलीच बेरीज पोचत नाही. नोकरीवर रुजू झाल्यानंतरच्या पडताळणीत हे उघड झालं तर खोटी माहिती दिली म्हणून नोकरी जाते, आणि तोवर जुनी नोकरीही सोडून झालेली असते.

पण खरं सांगूनही कागद वेगळं बोलू शकतात. त्याची तयारी ठेवलेली बरी. चढवलेली कागदपत्रं पाहून एचआरने तिला विचारलं, “तुम्ही 4.80 सांगितलं. स्लिपांवरून 4.05 येतात. पीएफ पासबुकात तर वेतन 15,000 दिसतं. आणि फॉर्म 16 कुठे आहे?”

तिन्ही गोष्टींची उत्तरं साधी आहेत, पण तिथल्या तिथे सुचत नाहीत. स्लिपेत फक्त दरमहाचा ग्रॉस असतो, 33,738 गुणिले 12 म्हणजे 4,04,856. बोनस, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा त्यात नाहीत; ते 75,144 मिळवले की बरोबर 4,80,000 होतात. पीएफसाठी वेतनाची कायदेशीर मर्यादा महिना 15,000 आहे. कंपनी त्या मर्यादेवरच 12 टक्के, म्हणजे 1,800 भरते, म्हणून बेसिक 20,000 असूनही पासबुकात 15,000 दिसतं. आणि तिच्या पगारातून आयकर कापलाच गेला नाही. कर कापलेला नसला की लहान कंपन्या सहसा फॉर्म 16 काढत नाहीत. काढला असता तरी त्यात 4,40,856 दिसले असते, 4,80,000 नाही, कारण तिथे बोनस येतो पण कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ता येत नाहीत.

तिने नियुक्तिपत्राचा पगार-तक्ता, बोनस जमा झाल्याची एप्रिलची बँकेची ओळ आणि तीन ओळींचा हा हिशोब एकाच मेलमध्ये पाठवला. एचआरने पुन्हा काही विचारलं नाही. हा मेल आधीच लिहून ठेवता आला असता. निवड होईपर्यंत वेळ होता. असं उत्तर द्यायला दोन दिवस लागले तर समोरच्याला बनाव वाटू लागतो, म्हणून पगार-तक्ता आणि हा हिशोब पहिल्या फोनआधीच एका फोल्डरमध्ये ठेवावा असं आम्ही सुचवतो. कंपनीने नियुक्तिपत्रासोबत तक्ताच दिला नसेल, आणि नागपुरातल्या बऱ्याच लहान कंपन्या तो देत नाहीत, तर सीटीसी म्हणून फक्त दाखवता येईल एवढंच सांगावं: ग्रॉसचे बारा महिने, मिळालेला बोनस आणि पासबुकात दिसणारा कंपनीचा वाटा. तिच्या बाबतीत ते 4.62 लाख झाले असते.

ऑफर आली ती 6.70 लाखांची: 6.30 निश्चित आणि 40 हजार व्हेरिएबल. सात मिळाले नाहीत, पण 30 टक्क्यांची भिंत ओलांडली गेली; वाढ जवळपास 40 टक्के झाली. सही करण्याआधी तिने एकच गोष्ट विचारली: पीएफ 15,000 वर कापणार की पूर्ण बेसिकवर? पूर्ण बेसिकवर, म्हणजे वर्षाच्या 3,35,000 वर. त्यामुळे तिचा दरमहा पीएफ 1,800 वरून 3,350 होणार, तितकाच वाटा कंपनीचा, तोही आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही त्याच 6.70 मधून जाणार, आणि हातात साधारण 44,250 येणार. घरी बाबांना तिने हा दुसरा आकडा सांगितला. नोट्समधल्या जुन्या तीन आकड्यांच्या जागी मात्र 6.70, 6.30 आणि 0.40 लिहून ठेवले.